न्यूमोनिया ओळखला, की रुग्णालय?

छातीचा एक्स-रे काढताना टेक्निशियन कॅसेटच्या कडेला शिशाचं एक छोटं अक्षर लावतो. फिल्म उलटसुलट धरली गेली तरी डावी-उजवी बाजू चुकू नये, एवढाच त्याचा उपयोग. फिल्मवर ते पांढरं शुभ्र उमटतं. कुठे नुसता ‘एल’ किंवा ‘आर’ असतो, कुठे ते अक्षर गोलात बसवलेलं असतं, कुठे शेजारी टेक्निशियनच्या नावाची आद्याक्षरं असतात. आम्ही रेडिओलॉजिस्ट त्यावर एक नजर टाकतो, बाजू बरोबर आहे ना हे बघतो आणि फुप्फुसांकडे वळतो. या अक्षराचा न्यूमोनियाच्या निदानात काही वाटा असू शकेल, असं इतक्या वर्षांत माझ्या मनातही आलं नव्हतं.

नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात जॉन झेक, एरिक ओर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखायला त्यांनी एका न्यूरल नेटवर्कला शिकवलं होतं. तसे अभ्यास त्या सुमारास पुष्कळ येत होते. पण या मंडळींनी आपल्याच मॉडेलची उलटतपासणी घेतली. एक्स-रे कुठल्या रुग्णालयातून आला हे ओळखायलाही त्यांनी असंच नेटवर्क शिकवलं, आणि ते जवळजवळ कधीच चुकत नव्हतं. चित्राच्या कुठल्या भागावरून ते उत्तर देतंय हे त्यांनी शोधलं, तेव्हा चित्राचे कोपरे आणि ते शिशाचं अक्षर पुढे आलं.

या विषयात मला जे म्हणायचं आहे ते सगळं या एका अभ्यासाभोवती सांगता येतं. यंत्राने चित्रावरून आजार ओळखल्याचा दावा करणारा अभ्यास हातात आला, की लोक आधी अचूकतेचा आकडा शोधतात आणि चित्रांची संख्या किती लाखांत आहे ते बघतात. मी आधी दुसराच प्रश्न विचारतो. आजार न ओळखता, दुसरंच काही ओळखून हा आकडा मिळाला असता का? याचं उत्तर ‘हो’ असेल आणि लेखकांनी ती वाट बंद केली नसेल, तर तो आकडा आजाराबद्दल काहीही सांगत नाही. मग ‘बाहेरच्या रुग्णालयातही तपासलं’ असं पुढे लिहिलेलं असलं तरी मला त्याचा दिलासा वाटत नाही. बाहेर तपासताना तीच वाट बंद झाली का, हे पुन्हा बघावंच लागतं.

झेक यांच्याकडे तीन ठिकाणचे एक्स-रे होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे, म्हणजे एनआयएचचे, १,१२,१२० एक्स-रे, ३०,८०५ रुग्णांचे. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातले ४२,३९६, १२,९०४ रुग्णांचे. आणि इंडियाना विद्यापीठाच्या संग्रहातले ३,८०७. पहिल्या दोन ठिकाणचे एकत्र करून मॉडेल शिकवलं आणि त्याच दोन ठिकाणच्या बाजूला ठेवलेल्या रुग्णांवर तपासलं, तेव्हा एयूसी ०.९३१ आली. इंडियानाचे एक्स-रे मॉडेलने कधीच पाहिले नव्हते. तिथे ती ०.८१५ झाली.

एयूसी हा शब्द अशा प्रत्येक अभ्यासात येतो, म्हणून त्याचा अर्थ जरा थांबून बघू. न्यूमोनिया असलेल्यांमधून एक रुग्ण उचला, नसलेल्यांमधून एक उचला आणि दोघांचे एक्स-रे मॉडेलपुढे ठेवा. दोघांपैकी आजारी रुग्णाला मॉडेल जास्त गुण देईल, याची शक्यता म्हणजे एयूसी. नुसती नाणेफेक केली तर ०.५. कधीच चूक नाही तर १. दोघांना सारखेच गुण मिळाले, तर ती जोडी अर्धी बरोबर धरायची. ०.९३१ म्हणजे शंभरातल्या त्र्याण्णव जोड्या बरोबर लागल्या. ऐकायला हे उत्तमच वाटतं.

आता त्याच अभ्यासातली एक गोष्ट बघा. ती निष्कर्षात नसून रुग्णांच्या वर्णनात आहे. माउंट सायनायच्या एक्स-रेंमध्ये न्यूमोनियाचं प्रमाण ३४.२ टक्के होतं. एनआयएचमध्ये १.२ टक्के. गुणाकार केला तर सायनायमधून साधारण साडेचौदा हजार न्यूमोनियाचे एक्स-रे येतात आणि एनआयएचमधून सुमारे तेराशे. म्हणजे न्यूमोनियाचे शंभर एक्स-रे घेतले तर त्यातले ९२ सायनायचे. न्यूमोनिया नसलेले मात्र बहुतेक एनआयएचचे, शंभरात ८०.

समजा एक मॉडेल आहे, त्याला फुप्फुसं दिसतच नाहीत. एक्स-रे सायनायचा असेल तर ते म्हणतं न्यूमोनिया, एनआयएचचा असेल तर म्हणतं नाही. याची एयूसी किती येईल? आजारी रुग्ण सायनायचा आणि निरोगी एनआयएचचा, अशी जोडी लागण्याची शक्यता ०.९२ गुणिले ०.८०, म्हणजे ०.७४. या सगळ्या जोड्या बरोबर. दोघेही एकाच रुग्णालयातले असण्याची शक्यता साधारण ०.२५. या जोड्यांत मॉडेल दोघांना सारखेच गुण देतं, म्हणून त्यातल्या अर्ध्या धरायच्या, ०.१२. बेरीज ०.८६. कागद-पेन्सिलीने पाच मिनिटांत होणारा हा हिशेब आहे. झेक आणि सहकाऱ्यांनीही नुसत्या रुग्णालयाच्या नावावरून निकाल देणारं असं मॉडेल तपासलं होतं, त्यांचा आकडा आला ०.८६१.

ही काल्पनिक भीती नव्हती, कारण रुग्णालय ओळखणं मॉडेलला खरोखर जमत होतं. एनआयएचच्या २२,०६२ पैकी २२,०५० एक्स-रे आणि सायनायच्या ८,३८८ पैकी ८,३८६ एक्स-रे त्याने बरोबर ओळखले. झेक यांच्या गटाला आणखी एक प्रयोग सुचला, आणि या अभ्यासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग तोच आहे. दोन्ही रुग्णालयांतले एक्स-रे असे निवडायचे की न्यूमोनियाचं प्रमाण दोन्हीकडे सारखं व्हावं. मग मुद्दाम असे निवडायचे की एकीकडे ते दुसरीकडच्या दहापट व्हावं. दहापट तफावत ठेवून शिकवलेल्या मॉडेलचा घरचा आकडा वर गेला. इंडियानात मात्र त्याला काहीच फायदा झाला नाही. घरी वाढलेले गुण न्यूमोनिया ओळखल्याचे नव्हते, रुग्णालय ओळखल्याचे होते.

‘जितकी जास्त रुग्णालयं, तितकं मॉडेल पक्कं’ हे वाक्य मी परिषदांमध्ये वारंवार ऐकतो. मला ते मान्य नाही. रुग्णालयं मिसळताना आजाराचं प्रमाण सगळीकडे सारखं नसेल, तर दर नवीन रुग्णालयाबरोबर मॉडेलला एक नवी चोरवाट मिळते. मिसळलेल्या डेटावर काढलेली एकच एयूसी तर मी वाचूनही सोडून देतो. प्रत्येक रुग्णालयाची एयूसी वेगळी काढलेली असेल तरच ती बघतो, कारण तेव्हा जोडीतले दोघेही एकाच छताखालचे असतात आणि रुग्णालयाचं नाव कामाला येत नाही.

एका छताखालीही चोरवाटा असतात, हेही त्याच अभ्यासात दिसलं. सायनायमध्ये वॉर्डात दाखल असलेल्या रुग्णांत न्यूमोनियाचं प्रमाण अपघात विभागातल्या रुग्णांपेक्षा जास्त होतं, आणि एक्स-रे कुठल्या विभागातला हे मॉडेलला ओळखता येत होतं. ज्याने वॉर्डातला पोर्टेबल एक्स-रे काढताना पाहिला आहे त्याला याचं नवल वाटणार नाही. उठून उभं राहता न येणाऱ्या माणसाच्या पाठीखाली कॅसेट सरकवतात. किरण पुढून येतात, त्यामुळे हृदय आहे त्यापेक्षा मोठं दिसतं. खांद्याची पाती बाजूला न होता फुप्फुसांवरच येतात. श्वास पुरेसा भरलेला नसतो. छातीवर ईसीजीच्या तारा, गळ्याजवळ नळ्या. कितीतरी फिल्मवर ‘पोर्टेबल’ असा शब्दही छापलेला असतो. आजारी माणसाचा एक्स-रे आजाऱ्यासारखा काढला जातो. फुप्फुसाकडे न बघताही हा माणूस बरा नाही हे त्यावरून कळतं, आणि डॉक्टरला त्यासाठी मशीनची गरज नसते.

याच जातीची एक अधिक वाईट गोष्ट ऑस्ट्रेलियातले रेडिओलॉजिस्ट ल्यूक ओकडेन-रेनर यांनी दाखवली. एनआयएचच्या त्याच संग्रहात न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुसाबाहेर हवा साचणं, या आजाराचे एक्स-रे आहेत. त्यातल्या बहुतेकांमध्ये छातीत नळी आधीच घातलेली होती. म्हणजे निदान होऊन उपचारही सुरू झालेले. अशा डेटावर शिकलेल्या मॉडेलची एयूसी नळी असलेल्या रुग्णांवर ०.९४ होती आणि नळी नसलेल्यांवर ०.७७. ज्याचं निदान अजून झालेलं नाही अशा रुग्णासाठी हे मॉडेल बनवलं होतं, आणि नेमकं तिथेच ते कमी पडत होतं. सगळ्यांचा मिळून एकच आकडा छापला असता तर हे कुणाला कळलं नसतं.

आतापर्यंतच्या चोरवाटा डेटा कुठून आला यातून निघालेल्या होत्या. दुसरी जात अभ्यासकाच्या हातून घडते. इंग्रजीत तिला डेटा लीकेज म्हणतात. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, पेपरफुटी. परीक्षेत येणारे प्रश्न शिकवणीत आधीच आले, की मुलांचे गुण वाढतात आणि त्या गुणांना काही अर्थ राहत नाही. इथेही तसंच होतं, फक्त फोडणाऱ्याला बहुतेक वेळा आपण पेपर फोडला हे ठाऊक नसतं.

हे कसं होतं ते मी एकदा अगदी जवळून पाहिलं. आमच्या विभागातली एक निवासी डॉक्टर तिच्या प्रबंधासाठी लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम करत होती. तिने कॅगलवरचा सर्वपरिचित संग्रह घेतला होता, चीनमधल्या ग्वांगझौच्या स्त्री व बालरुग्णालयातले एक ते पाच वर्षांच्या मुलांचे ५,८५६ एक्स-रे. त्यात शिकवण्याचा, तपासण्याचा आणि अंतिम परीक्षेचा असे तीन फोल्डर करून दिलेले आहेत. पण मधल्या फोल्डरमध्ये फक्त १६ चित्रं आहेत. त्यावरून काही ठरवता येत नाही म्हणून तिने सगळी चित्रं एकत्र केली, पत्ते पिसावेत तशी पिसली आणि आपल्या हाताने नवी वाटणी केली. मॉडेलची अचूकता फार सुंदर आली. गुरुवारच्या जर्नल क्लबमध्ये तिने आलेख दाखवला तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं.

मी तिला म्हटलं, “फोल्डर उघड आणि फायलींची नावं मोठी करून दाखव.”

पडद्यावर `person100_bacteria_475.jpeg` दिसलं, त्याखाली `person100_bacteria_477.jpeg`, मग `478`, `479`. एकाच मुलाचे इतके एक्स-रे. दाखल असताना दर एक-दोन दिवसांनी काढलेले असावेत. तिच्या लक्षात आलं आणि ती बोलायची थांबली. पत्ते पिसल्यावर त्या मुलाचे काही एक्स-रे शिकवणीत गेले होते आणि काही परीक्षेत. त्याच्या बरगड्यांचा आकार, मणक्याचा बाक, हाडांची ठेवण मॉडेलने आधी पाहिली होती आणि ‘या मुलाला न्यूमोनिया आहे’ हे उत्तरही. परीक्षेत त्याला फक्त मूल ओळखायचं होतं. निरोगी मुलांच्या फायलींची नावं वेगळ्याच पद्धतीची आहेत, त्यांत असा सरळ क्रमांकही नाही, म्हणून तिकडची वाटणी तपासणं आणखी अवघड. तिने नंतर नावातल्या क्रमांकाप्रमाणे मुलांची वाटणी केली आणि आकडा खाली आला. किती खाली आला हे मी इथे मुद्दाम सांगत नाही, कारण एकदाच केलेल्या वाटणीवरून तो आकडाही पक्का म्हणता येत नाही.

ही चूक नवशिक्यांचीच असते असं समजू नये. स्टॅनफर्डच्या चेक्सनेट या गाजलेल्या मॉडेलचा लेख नोव्हेंबर २०१७ मध्ये आला, तेव्हा पहिल्या आवृत्तीत वाटणी चित्रांची केलेली होती. एनआयएचच्या संग्रहात दर रुग्णामागे सरासरी साडेतीनहून जास्त एक्स-रे आहेत, मग तोच रुग्ण दोन्हीकडे येणारच. एकाने हे जाहीरपणे विचारलं आणि लेखकांनी पुढच्या आवृत्तीत रुग्णांप्रमाणे वाटणी केली. त्या सुधारित लेखात ‘कुठलाही रुग्ण दोन गटांत नाही’ असं स्वच्छ वाक्य आहे. कुठल्याही अभ्यासात मी प्रथम हेच वाक्य शोधतो. ते नसेल तर रुग्णांची संख्या कुठे दिली आहे का बघतो. लेखात फक्त चित्रांची संख्या असेल आणि रुग्णांची कुठेच नसेल, तर वाटणी चित्रांची झाली असं मी धरून चालतो.

पेपर फुटला तर गुण किती फुगतात? मेंदूच्या एमआरआयवर २०२१ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात याचं उत्तर फार परखडपणे दिलेलं आहे. एमआरआयमध्ये एका माणसाच्या मेंदूचे अनेक काप असतात. त्या अभ्यासकांनी ओअॅसिस या संग्रहातल्या माणसांना ‘आजारी’ आणि ‘निरोगी’ अशी लेबलं उगाचच, चिठ्ठ्या टाकून दिली. त्यात शिकण्यासारखं काहीच नव्हतं. माणसांप्रमाणे वाटणी केली तेव्हा अचूकता ५० टक्के आली, यायला हवी तेवढीच. कापांची वाटणी केली तेव्हा आली ९६ टक्के. जो आजार अस्तित्वातच नाही तो मॉडेलने ९६ टक्के अचूकतेने ओळखला. एखाद्या अभ्यासात ९६ टक्के दिसले की मला हा प्रयोग आठवतो.

डेटा उघडा असेल तर तपासणी तीन ओळींची असते. एनआयएचच्या संग्रहात फाईलच्या नावातले पहिले आठ अंक म्हणजे रुग्णाचा क्रमांक, आणि संस्थेने स्वतः केलेली वाटणी दोन मजकूर-फायलींमध्ये दिलेली आहे.

```python
a = {n[:8] for n in open("train_val_list.txt").read().split()}
b = {n[:8] for n in open("test_list.txt").read().split()}
print(len(a & b))
```

दोन्ही याद्यांत सामाईक असलेल्या रुग्णांची संख्या यातून मिळते. संस्थेने वाटणी रुग्णांप्रमाणे केलेली आहे, त्यामुळे उत्तर ० यायला हवं. स्वतःची वाटणी केली असेल तर तिथेही तेच यायला हवं. अभ्यासकाने एवढं करून त्याचं उत्तर लेखात एका ओळीत लिहावं, ही मागणी मला मुळीच जास्त वाटत नाही.

फुटण्याच्या आणखीही वाटा आहेत. वाटणी करण्याआधीच चित्रं फिरवून, उजळून त्यांच्या प्रती वाढवल्या तर मूळ चित्र एकीकडे आणि त्याची प्रत दुसरीकडे जाते. दहा मॉडेलं परीक्षेच्या चित्रांवर चालवून पाहिली आणि सर्वांत चांगलं छापलं, तर तीही पेपरफुटीच. कोविडच्या काळात तर जुन्या संग्रहांतली चित्रं उचलून नव्या नावाने नवे संग्रह बनत होते, ते पुन्हा एकमेकांत मिसळले जात होते, आणि तोच एक्स-रे दोन नावांनी दोन्हीकडे जात होता. केंब्रिजच्या गटाने २०२१ मध्ये छापलेल्या आढाव्यात कोविड ओळखणाऱ्या मॉडेलांचे २,२१२ अभ्यास गोळा केले. चाळणी लावून त्यातले ६२ उरले. रुग्णाच्या उपयोगी पडेल असा एकही त्यांना सापडला नाही.

त्याच आढाव्यातली एक नोंद मला अस्वस्थ करून गेली. पुष्कळ अभ्यासांत कोविडचे एक्स-रे प्रौढांचे होते, आणि ‘कोविड नसलेले’ म्हणून ग्वांगझौच्या त्या एक ते पाच वर्षांच्या मुलांचे एक्स-रे घेतले होते. बाळाची छाती आणि बापाची छाती यांतला फरक रेडिओलॉजीच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यालाही क्षणात कळतो. मॉडेल तो फरक शिकलं आणि त्याला कोविडचं निदान म्हटलं गेलं. इटलीतल्या दोघा संशोधकांनी फुप्फुसांचा भागच काळा करून मॉडेलला दिला, तरी चित्र कुठल्या संग्रहातलं हे त्याला कळत राहिलं. परीक्षणाची याहून सोपी आणि निर्दय चाचणी मला माहीत नाही. ज्या अवयवात आजार आहे तोच झाकून ठेवा. उत्तर तरीही बरोबर येत असेल तर ते त्या अवयवातून येत नाहीये.

आता बाहेरच्या पडताळणीकडे येतो, कारण खरा वाद तिथेच आहे. लेखाच्या सारांशात ‘स्वतंत्र बाह्य संचावर तपासणी केली’ असं वाचलं की परीक्षकही सैल होतात. पण ‘बाह्य’ या शब्दात बरंच काही खपतं. त्याच ट्रस्टचं दुसऱ्या शहरातलं रुग्णालय, तेच मशीन, तोच प्रोटोकॉल, रिपोर्ट लिहिणारे तेच डॉक्टर, हे भूगोलाने बाह्य आहे. शिशाचं अक्षर मात्र दोन्हीकडे एकच. दुसरा प्रकार म्हणजे बाहेरचे आजारी एका ठिकाणचे आणि बाहेरचे निरोगी दुसऱ्या ठिकाणचे. घरी जी चोरवाट होती तीच इथे पुन्हा आयती मिळते आणि आकडा टिकतो. आकडा टिकला म्हणून लेखक आनंदतात, खरं तर त्याच कारणासाठी त्यांनी काळजीत पडायला हवं. तिसरा प्रकार आमच्या देशात फार महत्त्वाचा आहे. बाह्य संचात एकीकडे ढळढळीत आजारी घेतात आणि दुसरीकडे ठणठणीत निरोगी, आणि संशयास्पद एक्स-रे ‘निष्कर्ष काढता येत नाही’ म्हणून वगळतात. आमच्या ओपीडीत येणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयाचे व्रण असतात, बिडीने खराब झालेली फुप्फुसं असतात, गिरणीच्या किंवा दगडखाणीच्या धुळीच्या खुणा असतात. मॉडेल तिथे काय करतं हे ज्या अभ्यासातून वगळलं गेलं, त्याचा मला उपयोग नाही.

इंडियानाचा संच यापेक्षा पुष्कळ चांगला होता. तिथली लेबलं माणसांनी वाचून दिलेली होती. सायनाय आणि एनआयएचमध्ये ती संगणकाने रिपोर्टातल्या शब्दांवरून काढली होती. पण त्यालाही मर्यादा आहे, आणि मी झेक यांच्या बाजूचा असलो तरी ती सांगायला हवी. इंडियानात न्यूमोनियाचं प्रमाण १ टक्का. ३,८०७ चा एक टक्का म्हणजे ३८. मॉडेल बाहेर किती चालतं याचा सगळा निवाडा अडतीसेक एक्स-रेंवर उभा आहे. म्हणून ०.८१५ या आकड्याभोवतीचा विश्वासाचा पट्टा ०.७४५ ते ०.८८५ इतका रुंद आहे. घरचा पट्टा ०.९२७ ते ०.९३६. पट्टे एकमेकांना शिवत नाहीत, म्हणून घसरण खरी मानायला हरकत नाही. पण घसरण नेमकी किती, हे अडतीस माणसं सांगू शकत नाहीत. घसरणीचं सगळं खापर चोरवाटेवर फोडणंही बरोबर नाही. लेबल देण्याची पद्धत वेगळी, रुग्ण वेगळे, आजाराच्या छटा वेगळ्या. त्यातलाही वाटा असणार. बाह्य संचात चित्रं किती हे मी बघतच नाही. आजारी किती, तेवढंच बघतो.

एयूसी बाहेर टिकली तरी एक गोष्ट टिकत नाही. समजा एक मॉडेल शंभर आजाऱ्यांतले नव्वद पकडतं आणि शंभर निरोग्यांतल्या नव्वदांना सोडून देतं. सायनायसारख्या ठिकाणी, जिथे हजारात ३४० आजारी आहेत, तिथे ते ३०६ खरे आणि ६६ खोटे इशारे देईल. पाचांतले चार इशारे खरे. हेच मॉडेल इंडियानासारख्या ठिकाणी नेलं, जिथे हजारात १० आजारी आहेत, तर ९ खरे आणि ९९ खोटे. बारा इशाऱ्यांत एक खरा. मॉडेल बदललेलं नाही, त्याची एयूसीही तीच. पण रात्री ड्युटीवर असलेला डॉक्टर चार दिवसांत त्याचे इशारे बघणं सोडून देईल. म्हणून बाहेरच्या पडताळणीत मी हेही शोधतो, की इशारा कुठल्या गुणांवर द्यायचा ही रेषा घरीच ठरवून बाहेर जशीच्या तशी नेली का. पुष्कळ लेखांत ती बाहेरच्या डेटावर पुन्हा सोयीने आखलेली असते. तसं असेल तर बाहेरची परीक्षाही फुटलेली आहे.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो मला टाळायचा नाही. काही अभ्यासक म्हणतात, सगळीकडे चालणारं मॉडेल ही कल्पनाच चुकीची आहे. प्रत्येक रुग्णालयाने आपल्या डेटावर मॉडेल जुळवून घ्यावं आणि तिथेच पुन्हा पुन्हा तपासावं, मग बाहेरच्या पडताळणीचं एवढं स्तोम कशाला? यातला पहिला अर्धा भाग मला पटतो. माझ्या रुग्णालयात चाललं की मला पुरे, इंडियानात चालो न चालो. पण स्थानिक तपासणीत पेपर फुटण्याची शक्यता कमी होत नाही, वाढते. क्षयाचा, दम्याचा, डायलिसिसचा रुग्ण वर्षानुवर्षं आमच्याकडेच येतो. कधी नव्या केसपेपरवर, कधी नाव जरा वेगळं लिहिलेलं. क्रमांक वेगळा, माणूस तोच. वर दिलेला कोड तिथे खुशाल शून्य दाखवेल. आणि आमच्या छताखालच्या चोरवाटा बाहेरच्या डेटाशिवाय आम्हाला दिसणारच नाहीत, कारण आम्ही त्यांच्यातच राहतो. मॉडेल मी इंडियानासाठी तपासत नाही. इंडियानाच्या एक्स-रेंवर माझं अक्षर नसतं, म्हणून तपासतो.

त्या निवासी डॉक्टरने पुढे प्रबंधाचा विषय बदलला. आमच्याच विभागातले प्रौढांच्या क्षयाचे एक्स-रे घ्यायचं तिने ठरवलं. मॉडेलला हात लावण्याआधी ती रेकॉर्ड रूममध्ये बसली. रजिस्टरवरून प्रत्येक एक्स-रे कुठल्या मशीनवर काढला, उभ्याने की पलंगावर, ओपीडीतून की तपासणी शिबिरातून, हे एका तक्त्यात भरत गेली. तीन आठवड्यांनी तिने तो तक्ता माझ्या टेबलावर ठेवला. शिबिरात नेतो त्या हातातल्या छोट्या मशीनवरचे एक्स-रे तिने पिवळ्या रंगाने दाखवले होते, आणि क्षय निघालेल्या ओळींपुढे लाल टिंब होतं.

“सर, लाल टिंबं बघा,” ती म्हणाली. “जवळपास सगळी पिवळ्यातच आहेत.”

आम्ही खुर्च्या ओढल्या आणि ओपीडीतल्या मोठ्या मशीनवर काढलेले क्षयाचे जुने एक्स-रे कुठल्या कपाटात असतील, याची यादी करायला बसलो.